ही जागा रिकामी कशी झाली?

नोकरीच्या जाहिरातीत पदाचं नाव असतं, अनुभव किती वर्षांचा हवा ते असतं, कामांची लांबलचक यादीही असते. ती जागा रिकामी का आहे, एवढंच नसतं. सरकारी खात्यांत हे बऱ्यापैकी उघड असतं. तिथे आकृतिबंधात मंजूर पदं ठरलेली असतात, निवृत्तीने किंवा बढतीने पद रिक्त होतं आणि नवं पद हवं असेल तर पदनिर्मितीचा शासन निर्णय निघतो. शाळासुद्धा रजेच्या काळापुरती जागा असेल तर जाहिरातीत तसं छापतात. खासगी कंपनीत मात्र हे उमेदवारालाच विचारून घ्यावं लागतं.

प्रश्न साधा आहे. ‘ही जागा नवीन आहे, की कोणाच्या जागी भरती चालू आहे?’ भरतीच्या व्यवहारात दुसऱ्या प्रकाराला ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात. पहिल्याच फोनवर हे विचारलं तर कोणाला खटकत नाही. उत्तर एका शब्दात मिळतं आणि बरेच उमेदवार तिथेच थांबतात. खरं तर पुढे काय विचारायचं, हे त्या एका शब्दावरून ठरतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकच्या एका कारखान्यात खरेदी विभागात सहा वर्षं काम केलेल्या तरुणीला चाकणच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतल्या जागेसाठी फोन आला. फोन कंपनीचा नव्हता, प्लेसमेंट कन्सल्टन्सीचा होता. तिने विचारलं आणि उत्तर आलं, ‘रिप्लेसमेंट आहे मॅडम. आधीचे सर पुढच्या शिक्षणासाठी चाललेत.’

इथे बोलणारा कोण, हे लक्षात घ्यायला हवं. कन्सल्टन्सीला साधारणपणे उमेदवार रुजू झाल्यावर पैसे मिळतात. फी बहुधा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतकी असते. करारात बऱ्याचदा आणखी एक अट असते: उमेदवार ६० किंवा ९० दिवसांच्या आत सोडून गेला, तर दुसरा उमेदवार फुकट द्यायचा. या बदलीलाही ‘रिप्लेसमेंट’च म्हणतात. म्हणून कन्सल्टंटला विचारण्यासारखा एक नेमका प्रश्न आहे: ‘आधीची व्यक्तीही तुमच्याकडूनच गेली होती का?’ उत्तर ‘हो, ती आम्हाला भरून द्यायची आहे’ असं आलं, तर आधीचा माणूस दोन-तीन महिन्यांतच निघून गेला असा त्याचा अर्थ निघतो. त्यापलीकडचं कन्सल्टंटला सहसा माहीत नसतं. त्याच्या हाती कामाचं वर्णन आणि पगाराची मर्यादा असते. जागेचा इतिहास कंपनीच्या एचआरला ठाऊक असतो आणि त्यामागचं कारण विभागप्रमुखाला.

आमच्या उदाहरणातल्या तरुणीने लिंक्डइनवर कंपनीचं नाव आणि पदाचं नाव टाकून शोध घेतला. त्याच पदावर पूर्वी काम केलेले दोघे सापडले. एक अकरा महिने टिकला होता, दुसरा चौदा. आता जाणारा तिसरा. शिक्षणासाठी जाणं हे एकाचं कारण म्हणून पुरतं, पण तिघं एकामागून एक दीड वर्षाच्या आत गेले असतील, तर शोध माणसांचा सोडून कामाचा घ्यावा लागतो.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर आणखी एक आधार मिळतो. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून एक जबाबदारी अहवाल सक्तीचा केला आहे. त्याला बीआरएसआर म्हणतात. कायम कर्मचाऱ्यांपैकी किती टक्के सोडून गेले, याचा तीन वर्षांचा आकडा त्यात असतो. तो सगळ्या कंपनीचा असतो, एका खुर्चीबद्दल काही सांगत नाही. पण संपूर्ण कंपनीत गळती कमी आणि या एका पदावर जास्त असेल, तर गोष्ट त्या विभागातलीच असण्याची शक्यता वाढते.

मुलाखतीत तिने विभागप्रमुखांना ‘आधीचे का गेले?’ असं विचारलं नाही. त्या प्रश्नाला ‘पर्सनल कारण’ एवढंच उत्तर येतं आणि ते योग्यही आहे. कोणाचं आजारपण, घरची अडचण किंवा भांडण परक्याला सांगणं कंपनीचं काम नाही. तिने विचारलं, ‘सर, गेल्या तीन वर्षांत या जागेवर किती जणांनी काम केलं? आणि तेव्हापासून कामात काय बदललं?’

उत्तर मोकळं आलं. दोन प्लांटच्या पुरवठादारांचा पाठपुरावा आणि शिवाय आयात मालाची कागदपत्रं असं सगळं एकाच माणसावर होतं. जहाज बंदरात आलं की पाठपुरावा मागे पडायचा, माल उशिरा यायचा आणि उत्पादन विभागाचा राग याच माणसावर निघायचा. आता आयातीसाठी वेगळा माणूस घेतला आहे. तिने लगेच विचारलं, ‘ते रुजू झालेत का?’ झाले होते. ‘लवकरच घेणार आहोत’ असं उत्तर आलं असतं, तर चौथा माणूसही त्याच ओझ्याखाली गेला असता.

उलट प्रकारही घडतो. जागा एकाची म्हणून सांगतात, पण गेलेले असतात दोघं आणि काम मात्र दोघांचं. म्हणून ‘आधीची व्यक्ती करत होती तेवढंच काम आहे ना?’ हे विचारलेलं बरं. जागा बाळंतपणाच्या रजेमुळे रिकामी असेल, तर मुदत आधीच कळायला हवी. कायद्याने २६ आठवड्यांपर्यंत रजा मिळते आणि रजेवर गेलेली बाई परत येणार असते.

जागा नवीन आहे असं कळलं की प्रश्न बदलतात. तिथे मागचा माणूसच नसतो, त्यामुळे पुढचा पैसा पाहावा लागतो. पदाला मंजुरी मिळाली आहे, की मिळणार आहे? हे काम आतापर्यंत कोण करत होतं? पहिल्या सहा महिन्यांत नेमकं काय झालेलं दिसायला हवं? आयटी कंपनीत जागा एखाद्या क्लायंटच्या प्रोजेक्टसाठी असेल, तर करार झाला आहे का हे विचारावंच. नाहीतर रुजू झाल्यावर बेंचवर बसायची वेळ येते.

चाकणच्या जागेत शेवटचा प्रश्न तारखांचा उरला. आधीच्या माणसाने १० मार्चला राजीनामा दिला होता आणि नोटीस ९० दिवसांची होती, म्हणजे तो ८ जूनला मोकळा होणार. तिला ऑफर मिळाली १५ एप्रिलला. तिची स्वतःची नोटीस ६० दिवसांची, म्हणजे १४ जूनला सुटका. सहा दिवसांच्या फरकाने दोघांची भेटच झाली नसती आणि कोणत्या पुरवठादाराचा दर कधी ठरला, कोणाच्या ऑर्डर अडकल्यात, हे सगळं तिला फायलींतून शोधावं लागलं असतं. तिने जुन्या कंपनीत शिल्लक रजा नोटीशीत धरायची विनंती केली. दहा दिवस कमी झाले. नव्या कंपनीच्या एचआरला तिने मेल केला की ४ जूनला रुजू होते, तोवर आधीच्या सरांना सोडू नका. पाच दिवसांत त्या दोघांनी मिळून अडकलेल्या ऑर्डरींची यादी केली आणि मोठ्या पुरवठादारांना एकत्र फोन लावले.