उत्तर 2 की 19? चुकलेला पर्यायच सांगतो गोंधळ कुठे
'12/13 + 7/8 ची बेरीज कशाच्या जवळ? 1, 2, 19 की 21?' अमेरिकेतील 1978 च्या राष्ट्रीय चाचणीत 13 वर्षांच्या मुलांना हा प्रश्न होता. दोन्ही अपूर्णांक जवळपास 1, म्हणून उत्तर 2. ते जेमतेम 24 टक्क्यांनी निवडले. 19 ही अंशांची बेरीज, 21 छेदांची. निम्म्याहून अधिक मुले तिथेच फसली. नेमकी बेरीज विचारली असती, तर लसाविची रीत पाठ असलेला 187/104 काढून मोकळा झाला असता.

चुकणाऱ्याला खालच्या पायरीचा प्रश्न द्यावा: 12/13 कशाच्या जवळ, 0, 1/2 की 1? जमणाऱ्याला वरचा: मोठा कोणता? इथे मात्र 12/13 आणि 7/8 ही जोडी नको. नुसते मोठे आकडे पाहूनही उत्तर बरोबर येते. 7/8 आणि 10/12 दिले, तर तो अंदाज फसतो.