सांताक्रूझ, गोपालपूर, कुलाबा

पावसाळ्यात वर्तमानपत्रं मुंबईच्या पावसाचे दोन आकडे छापतात, एक कुलाब्याचा आणि एक सांताक्रूझचा. हवामानखात्याच्या दृष्टीने या दोन्ही वेधशाळांना आणखी एकेक आकडा आहे. सांताक्रूझचा ४३००३ आणि कुलाब्याचा ४३०५७. अंतर सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर. पण या दोन क्रमांकांच्या मधे कोण बसलंय पाहा: छत्रपती संभाजीनगर ४३०१४, बस्तरमधलं जगदलपूर ४३०४१, आणि थेट ओडिशाच्या किनाऱ्यावरचं गोपालपूर ४३०४९.

हा घोळ नाही, नियम आहे. जागतिक हवामान संघटनेच्या पाच आकडी क्रमांकात पहिले दोन आकडे ब्लॉकचे आणि पुढचे तीन केंद्राचे. ब्लॉकमधला प्रदेश शक्यतो आडव्या पट्ट्यांत विभागायचा. पट्टे उत्तरेकडून दक्षिणेकडे मोजायचे आणि प्रत्येक पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे क्रमांक द्यायचे. सांताक्रूझ एकोणीस अंशांच्या किंचित वर येतं, म्हणून ते एका पट्ट्याच्या पश्चिम टोकाला बसलं. त्या पट्ट्याचे क्रमांक बंगालच्या उपसागरापर्यंत गेले. कुलाबा एकोणीसच्या किंचित खाली, म्हणून पुढचा पट्टा तिथून सुरू झाला आणि पुणे त्यात ४३०६३ झालं. तेव्हा एका शहराच्या दोन वेधशाळांच्या मधे अख्खा देश आला.

भारताला दोन ब्लॉक आहेत, ४२ आणि ४३. सीमा साधारण वीस अंश अक्षांशाची, म्हणजे महाराष्ट्राच्या मधूनच जाते. नागपूर ४२८६७, अकोला ४२९३३. पुणे-मुंबई मात्र ४३ मध्ये. पणजी ४३१९२, तिरुवनंतपुरम ४३३७१. त्याच्याही खाली, याच ब्लॉकच्या शेपटाला, कोलंबो ४३४६६ आणि मालदीवचं माले ४३५५५. म्हणजे ४३ दिसलं की भारत, असं म्हणता येत नाही. शेजारच्या ४१ मध्ये कराची ४१७८० आहे, जेद्दाह ४१०२४ आहे आणि ढाका ४१९२३ सुद्धा. ४४ मध्ये काठमांडू आणि उलानबातर एकत्र. उलट चीनने ५० ते ५९ अशी दहाची दहा घरं घेतली आहेत. ८९ तर कुठल्याच देशाचा नाही. तो अंटार्क्टिकाचा, आणि आपलं मैत्री केंद्र तिथे ८९५१४ आहे. देशांची यादी समजून हे क्रमांक वाचणारा फसतो.

चूक कुठे होते हे संदेशात पाहावं. समजा पुण्याहून हा सिनॉप निघाला (आकडे नमुन्याचे आहेत):

```
AAXX 15034 43063 32460 62709
10268 20231 39420 40065
```

पंधरा तारीख, ०३ यूटीसी म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. शेवटचा ४ सांगतो की वारा उपकरणाने नॉटमध्ये मोजलाय. मग केंद्राचा क्रमांक. पुढे ढग, पश्चिमेचा नऊ नॉट वारा, तापमान २६.८, दवबिंदू २३.१. तीनने सुरू होणाऱ्या गटात केंद्राच्या उंचीवरचा हवेचा दाब ९४२.० हेक्टोपास्कल, चारने सुरू होणाऱ्यात तोच दाब समुद्रसपाटीला आणून १००६.५, हजारचा एक लिहीत नाहीत.

आता टंकणाऱ्याकडून ६ च्या जागी शून्य पडलं: ४३००३. संदेशाची रचना निर्दोष आहे, पण पुण्याची हवा नकाशावर सांताक्रूझला चिकटली. २६.८ अंश मुंबईच्या पावसाळी सकाळीही शोभून दिसतात. समुद्रसपाटीचा दाबही शंका येऊ देत नाही, कारण तो काढलेलाच असतो उंचीचा फरक मिटवायला. चोरी पकडली जाते तीनने सुरू होणाऱ्या गटात. दोन दाबांत साडेचौसष्टचा फरक म्हणजे केंद्र साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. सांताक्रूझ समुद्राच्या जेमतेम वर आहे, तिथे हा फरक एक-दोनच्या आसपास राहतो. म्हणून जाणकार आधी हे दोन गट ताडून पाहतो. मला तर संपूर्ण संकेतात हीच जागा सगळ्यात हुशारीची वाटते, जरी ती या कामासाठी ठेवलेली नसली.

दुसरी चूक संगणकाच्या काळातली. लंडनच्या हीथ्रोचा क्रमांक ०३७७२. तक्त्याच्या सॉफ्टवेअरने त्याला संख्या समजून सुरुवातीचं शून्य खाल्लं की ब्लॉकच बिघडतो. क्रमांक संख्या म्हणून नव्हे, मजकूर म्हणून साठवायचा, एवढाच उपाय.

खरी अडचण जागेची. एका ब्लॉकात फार तर हजार क्रमांक मावतात, आणि स्वयंचलित केंद्रं गावोगावी उभी राहिली. पट्ट्यांत रिकामी जागा नसेल तर नवं केंद्र क्रमाबाहेरच बसणार. म्हणून संघटनेने चार भागांची नवी ओळख आणली. जुन्या केंद्रांचा क्रमांक तिच्या शेपटीला जसाच्या तसा ठेवला आहे. पुणे असं दिसतं:

```
0-20000-0-43063
```

नव्या केंद्रांना देश स्वतः ओळख देऊ शकतो. तिथे दुसऱ्या भागात देशाचा आंतरराष्ट्रीय संकेतांक येऊ शकतो, भारतासाठी ३५६. शेवटचा भाग सोळा अक्षरांपर्यंत लांबतो आणि त्यात उत्तर-दक्षिणेचा क्रम सक्तीचा नाही. त्यामुळे अशा केंद्राची जागा आकड्यावरून ताडता येत नाही, अक्षांश-रेखांशांची नोंदच उघडावी लागते. आणि ती नोंद चुकली, तर क्रमांक बरोबर असूनही केंद्र नकाशावर भलतीकडे दिसतं.