ट्रेन कुठली आणि व्हेल कुठला?

१९ मे २०१८ रोजी मेगन मार्कल विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपेलच्या पायऱ्या चढत होती, त्या क्षणाचा पाठमोरा फोटो अनेकांच्या लक्षात असेल. पायऱ्यांवर पांढरं कापड लांबच लांब पसरलेलं आणि त्याची टोकं दोन लहान मुलांनी धरलेली. या फोटोखाली ओळ लिहायची झाली, तर हात पटकन ‘पाच मीटर लांब ट्रेनचा गाऊन’ असं लिहून जातो. पण ते पाच मीटर गाऊनचे नव्हतेच. तो व्हेल होता, म्हणजे डोक्यावरून सोडलेली रेशमी ट्यूलची जाळी. क्वीन मेरीच्या हिऱ्यांच्या टिआराने तो डोक्यावर धरून ठेवला होता, आणि त्याच्या कडेला राष्ट्रकुलातल्या ५३ देशांची फुलं-पानं भरली होती. खालचा जिव्हांशीचा गाऊन अगदी साधा होता.

लग्नाच्या गाऊनबद्दल लिहिताना सर्वांत जास्त गल्लत इथे होते. ट्रेन हा गाऊनच्या घेराचा मागे जमिनीवर रुळणारा भाग, तर व्हेल हे डोक्याला लावलेलं वेगळं वस्त्र. फोटोत दोन्ही एकमेकांत मिसळलेले दिसतात. म्हणून कापडाचं टोक बघत बसण्यापेक्षा नजर वर न्यावी आणि ते कुठून सुटलंय ते पाहावं. केसांतून सुटलं असेल तर व्हेल, कमरेखालून सुटलं असेल तर ट्रेन. खांद्यांवरून किंवा पाठीच्या वरच्या भागातून सुटलेली असेल तर तीही ट्रेनच, फक्त तिला ‘वातो ट्रेन’ म्हणतात. अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार आंत्वान वातो याच्या चित्रांतल्या स्त्रियांच्या पोशाखावरून हे नाव आलं. प्रियांका चोप्राच्या जोधपूरच्या लग्नात ज्या ७५ फुटांची चर्चा झाली, तेही व्हेलचेच होते.

उलटं उदाहरण डायनाचं. २९ जुलै १९८१ रोजी सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये दिसलेले २५ फूट खऱ्या अर्थाने ट्रेनचे होते. डेव्हिड आणि एलिझाबेथ इमॅन्युएल यांनी तो गाऊन रेशमी टॅफेटाचा शिवला होता. टॅफेटा हे करकरीत कापड, त्याला पडलेली चुणी सहजी मोडत नाही. एवढी ट्रेन घडी घालून, वडिलांच्या शेजारी, काचेच्या बग्गीत कोंबावी लागली. डायना उतरली तेव्हा गाऊनवरच्या चुण्या सगळ्या जगाने पाहिल्या. लांबीबरोबर कापडाचं नाव का लिहावं, ते इथे कळतं. तेवढीच लांबी मऊ ट्यूलची असती तर ती इतकी चुरगळली नसती.

आता लांबीची नावं. ट्रेनची शिडी साधारण अशी चढते: जमिनीवर जेमतेम टेकणारी स्वीप, तिच्याहून थोडी लांब कोर्ट, मग चॅपेल, मग कॅथेड्रल आणि त्यापुढे रॉयल किंवा मोनार्क. व्हेलची शिडी हनुवटीजवळ संपणाऱ्या बर्डकेजपासून सुरू होते. मग कोपरापर्यंतचा एल्बो, बोटांच्या टोकांपर्यंतचा फिंगरटिप, पोटरीवर थांबणारा वॉल्ट्झ, आणि पुढे पुन्हा चॅपेल आणि कॅथेड्रल. नावं तीच, पण मोजमाप वेगळं, आणि खरी अडचण तिथेच आहे. ट्रेन बहुधा कमरेपासून मोजतात, काही दुकानं मात्र फक्त जमिनीवर पसरलेला भाग मोजतात. व्हेल मोजतात तो केसांत खोचलेल्या कंगव्यापासून.

एक हिशोब करून पाहू. वधूने टाचांचे बूट घातले आहेत, तिची कंबर जमिनीपासून ४३ इंचांवर आणि केसांतला कंगवा ६५ इंचांवर आहे. तिची कॅथेड्रल ट्रेन कमरेपासून ८४ इंच आहे. त्यातले ४३ इंच खाली येण्यात गेले, म्हणजे जमिनीवर ४१ उरले. कॅथेड्रल व्हेल बऱ्याचदा १०८ इंचांचा मिळतो. त्यातले ६५ इंच उतरण्यात गेले, उरले ४३. म्हणजे व्हेल ट्रेनच्या पुढे जेमतेम दोन इंच गेला. प्रत्यक्षात कापड तिरकं उतरतं, घेर फुगलेला असतो, त्यामुळे हे दोन इंचही हाती लागतील असं नाही. पाठमोऱ्या फोटोत दोन्ही कडा एकाच रेषेत येतात आणि व्हेल अपुरा पडल्यासारखा दिसतो. १२० इंचांचा घेतला तर तो ट्रेनच्या पुढे सुमारे फूटभर जातो आणि ट्रेन पूर्ण झाकली जाते. कागदावर दोन्ही ‘कॅथेड्रल’ असूनही जोडी जमत नाही, ती यामुळे. लेखात नाव द्यावंच, पण सोबत आकडा आणि तो कुठून मोजला तेही लिहावं.

दोन्ही एकाच लांबीचे हवेत असा नियम नाही. केट मिडलटनने २०११ मध्ये २.७ मीटरच्या ट्रेनवर आखूड व्हेल घेतला होता. वेस्टमिन्स्टर ॲबीत शिरताना तिचा चेहरा जाळीने झाकलेला होता. चेहऱ्यावर येणाऱ्या त्या थराला ब्लशर म्हणतात. तो व्हेलचाच पुढचा भाग असतो आणि विधीच्या वेळी मागे टाकता येतो. स्पॅनिश मँटिलाला मात्र असा थर नसतो. तो चुण्या न घालता डोक्यावर सपाट पसरतो आणि त्याची लेसची कड चेहऱ्याभोवती चौकटीसारखी येते. म्हणून फोटोत आधी कंगव्यापाशी चुण्या आहेत का, ते पाहावं.

गळ्याच्या बाबतीत आपल्या वाचकाला फारसं समजावून सांगावं लागत नाही. ब्लाउज शिवून घेणाऱ्या प्रत्येकीला बोट नेक आणि चौकोनी गळा ठाऊक असतो. मेगनचा गळा बोट नेकच होता, फॅशनच्या लिखाणात त्याला ‘बातो’ म्हणतात. गोंधळ होतो तो ‘स्ट्रॅपलेस’ आणि ‘स्वीटहार्ट’ एकमेकांऐवजी वापरल्याने. स्वीटहार्ट हा कडेचा आकार आहे, छातीवर बदामाच्या वरच्या भागासारख्या दोन कमानी. स्ट्रॅपलेस म्हणजे खांद्यावर आधार नाही. स्ट्रॅपलेस गाऊनची कड सरळही असू शकते, आणि स्वीटहार्टला बाह्याही असू शकतात. स्वीटहार्टच्या वर पारदर्शक जाळी चढवून ती मानेपर्यंत नेली, तर त्याला इल्यूजन म्हणतात. लांबून गळा उघडा वाटतो आणि जवळून पाहिलं की जाळीची शिवण दिसते. छोट्या फोटोवरून लिहिताना इथेच चूक होते, म्हणून फोटो मोठा करून मानेजवळची कड बघावी.

मागचा गळाही विसरू नये. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकन्या युजिनीने त्याच सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये व्हेल घेतलाच नाही आणि पाठ खोल उघडी ठेवली. वयाच्या बाराव्या वर्षी मणक्याच्या वाकासाठी झालेल्या शस्त्रक्रियेचा व्रण तिला दिसू द्यायचा होता. त्या गाऊनचं वर्णन फक्त समोरून केलं, तर त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्टच राहून जाते.

रिसेप्शनचे फोटो हाती आले की आणखी एक काळजी घ्यावी. चर्चमधली लांब ट्रेन तिथे दिसली नाही म्हणून वधूने दुसरा गाऊन घातला असं लिहून टाकू नये. विधीनंतर ट्रेन उचलून मागे कमरेखाली अडकवतात. त्याला बसल म्हणतात. अमेरिकन पद्धतीत ती बाहेरून बटणांना फासाने अडकवतात, फ्रेंच पद्धतीत आतल्या बाजूने फितींनी बांधतात. पाठीमागे कापडाचा फुगवटा दिसला, किंवा नाचताना फास तुटून एका बाजूचं कापड खाली लोंबलेलं दिसलं, तर तो सकाळचाच गाऊन आहे. जड सॅटिनच्या गाऊनमध्ये असं हमखास घडतं, कारण एवढं वजन दोन-तीन फासांवरच तोललेलं असतं.