आयटी बँड आणि सायकलपटूचा गुडघा

रचना

आयटी बँड हा मांडीच्या बाहेरील बाजूने उतरणारा जाड, तंतुमय पट्टा आहे. कंबरेच्या हाडापासून निघून तो गुडघ्याच्या खाली नडगीच्या बाहेरील उंचवट्याला चिकटतो. तो स्नायू नसल्यामुळे स्वतः आकुंचन पावत नाही. खुब्याजवळचे दोन स्नायू त्याला वरून ओढून धरतात. शिवाय तो मांडीच्या हाडालाही घट्ट बांधलेला असतो.

वेदनेचे कारण

गुडघा सुमारे ३० अंश वाकलेला असताना हा पट्टा मांडीच्या हाडाच्या बाहेरील टोकावर सर्वाधिक दाबला जातो. पट्टा हाडावर घासतो, असे पूर्वी मानले जाई. आता मुख्य दोष दाबाला दिला जातो, कारण त्याखालच्या चरबीच्या थरात मज्जातंतू भरपूर असतात.

सायकलशी संबंध

पेडल सर्वांत खाली गेल्यावर गुडघा नेमका याच कोनाजवळ येतो. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या, तर तासाभरात प्रत्येक गुडघा ४,८०० वेळा त्या स्थितीतून जातो. सीट फार उंच असेल तर पाय अधिक सरळ होतो, कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि पट्ट्यावरचा ताण वाढतो. बुटाच्या क्लीटमुळे पाऊल जास्त आत वळले तरी हेच घडते.

एक उदाहरण

समजा, सीट उंच केल्यानंतर एका सायकलपटूचा उजवा गुडघा अर्ध्या तासाने बाहेरून दुखू लागतो. पेडल तळाला असताना मोजलेला कोन १८ अंश भरतो. सर्वसाधारण शिफारस २५ ते ३५ अंशांची आहे. अशा वेळी सीट एका वेळी ५ मिलिमीटर खाली घेऊन पुन्हा मोजावे लागते. कोन योग्य होऊनही एकच गुडघा दुखत राहिला, तर त्या पायाची क्लीट तपासणे हे पुढचे पाऊल ठरते.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

फोम रोलरने पट्टा लांबत नाही. तेवढ्या दाबाने बदलण्याइतका तो लवचिक नाही. काही काळ मोकळे वाटते, पण दुखऱ्या जागीच रोलर दाबल्यास त्रास वाढू शकतो. सुरुवातीला वेदना सुरू होण्याआधी थांबता येईल इतकीच सायकल चालवावी आणि चढ टाळावेत. सोबत कुशीवर झोपून पाय उचलणे, एका पायावर हळूहळू बसणे-उठणे असे खुब्याचे व्यायाम करावेत. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. दुखणे शमल्यावर अंतर टप्प्याटप्प्याने वाढवावे.

तपासणी केव्हा

गुडघा सुजणे, अडकणे किंवा चालताना दगा देणे ही या पट्ट्याच्या दुखण्याची लक्षणे नाहीत. ती दिसल्यास अस्थिरोगतज्ज्ञाकडून सांध्याची तपासणी करून घ्यावी.