उपचार संपल्यावर डॉक्टरांना पत्र कशासाठी?

मुलाचे मानसोपचार पूर्ण झाले की मानसशास्त्रज्ञ फॅमिली डॉक्टरांसाठी एक-दीड पानी अहवाल लिहितात. त्याला ‘डिस्चार्ज समरी’ म्हणतात. अनेक पालक ती फाईलमध्ये ठेवून देतात आणि ती डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही. त्याने काय बिघडते, हे एका उदाहरणाने पाहू. (मुलाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

चौथीतल्या एका मुलाच्या पोटात शाळेच्या दिवशी सकाळी दुखायचे. रविवारी काहीच नसे. डॉक्टरांनी तपासले, रक्त-लघवी पाहिली, सोनोग्राफी केली. सर्व ठीक निघाले. तरी दुखणे खोटे नव्हते. भीतीने पोट खरोखर दुखते. घरी राहिले की ते थांबे, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी शाळा आणखी अवघड वाटे. पुढे १२ बैठकांत त्याने भीतीची एकेक पायरी चढली: आधी फाटकापर्यंत, मग प्रार्थनेपर्यंत, मग मधल्या सुट्टीपर्यंत, शेवटी पूर्ण दिवस.

अशा वेळी ‘प्रगती समाधानकारक’ एवढेच लिहिले तर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. चांगल्या अहवालात आधी आणि नंतरची स्थिती मोजून दिलेली असते. या मुलाची पहिल्या महिन्यात ९ दिवस गैरहजेरी होती, शेवटच्या महिन्यात १ दिवस. औषध दिले नव्हते, हेही लिहिले होते. काय उरले आहे, तेही होते: मोठ्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस अजून जड जातो.

सर्वांत मोलाचा भाग पुढचा. पोट पुन्हा दुखले तर काय करावे? नेहमीचेच दुखणे असेल तर एकदा तपासून धीर द्यावा, त्याच दिवशी शाळेत पाठवावे, विश्रांतीचा दाखला देऊ नये. मात्र दुखण्याने रात्री झोपमोड होणे, वजन घटणे, ताप, वारंवार उलट्या, शौचातून रक्त किंवा उजव्या बाजूला एकाच जागी सतत दुखणे, यांपैकी काही दिसल्यास भीतीचे कारण बाजूला ठेवून पूर्ण तपासणी करावी. सलग ३ दिवस शाळा बुडाली तर पुन्हा मानसशास्त्रज्ञांकडे पाठवावे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पोट दुखलेच. अहवाल डॉक्टरांकडे नसता तर पुन्हा सोनोग्राफी आणि आठवडाभर विश्रांती ठरली असती, आणि चढलेल्या पायऱ्या वाया गेल्या असत्या. डॉक्टरांनी पोट तपासले, अहवाल पाहिला आणि त्याला शाळेत धाडले. दुसऱ्या तासाला तो वर्गात होता.

पालकांना एक शंका असते: घरातले सगळे डॉक्टरांना कळणार का? तसे होऊ नये. बैठकीत मुलाने सांगितलेल्या घरगुती गोष्टी उपचारासाठी आवश्यक नसतील तर त्यात येत नाहीत. पाठवण्यापूर्वी अहवाल वाचायला मागा, मुलालाही समजेल असा सांगा, आणि मगच संमती द्या. एक प्रत स्वतःकडे ठेवा. डॉक्टर बदलले तर ती नव्या डॉक्टरांना दाखवा.