सळईचा भाव आणि बिलातला भाव

राफ्टची जाळी बांधून झाली की काँक्रीट ओतायच्या आदल्या संध्याकाळी मी खड्ड्यात उतरून तिच्यावरून चालत असे. खाली सळईचा एक थर, वर दुसरा, दोन्हींच्या मध्ये चेअर आणि तळाला कव्हर ब्लॉक. अख्ख्या इमारतीत एवढं लोखंड एका जागी पुन्हा कुठेच दिसत नाही. भाववाढीचं कलम कुणी समजावून सांगा म्हटलं, की मला ती जाळीच आठवते. कलमाची ताकद आणि त्याची खोट, दोन्ही तिथेच कळतात.

कंत्राटदार दर भरतो तो निविदेच्या दिवशी. काम मात्र पुढे दीड-दोन वर्षं चालतं. त्या काळात सिमेंट, सळई, डिझेल, मजुरी यांचं काय होईल ते कुणालाच ठाऊक नसतं. कलम नसेल तर शहाणा कंत्राटदार त्या भीतीची किंमत आधीच दरात मिसळतो, म्हणजे भाव न वाढताही मालकाला ती मोजावी लागते. जो मिसळत नाही त्याला काम मिळतं, पण भाव चढले की तो अर्ध्यावर हात वर करतो. मग कोर्टात जाऊनही फारसं काही हाती लागत नाही. करार पाळणं महाग पडलं एवढ्यावरून तो सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच अलोपी पर्शाद खटल्यात सांगून ठेवलं आहे. तो वाद लष्कराला तूप पुरवण्याचा होता, पण बांधकामाच्या वादांतही त्याचा दाखला दिला जातो.

म्हणून करारात सूत्र घालतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारात हे कलम १०सीसी या नावाने ओळखलं जातं. सूत्र दिसायला किचकट आहे, पण त्याचा अर्थ सरळ आहे. तिमाहीत झालेल्या कामाच्या रकमेतला ८५ टक्के भागच भाववाढीला पात्र धरतात. उरलेल्या भागाची जोखीम कंत्राटदाराची. मग मजुरीचा वाटा किती, मालाचा किती, हे टक्के निविदेतच ठरलेले असतात. प्रत्येक वाट्याला त्याच्या निर्देशांकातल्या वाढीने गुणायचं. मजुरीसाठी बहुतेक करारांत औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक घेतात, मालासाठी घाऊक किंमत निर्देशांक. कंत्राटदाराने दुकानात खरोखर किती पैसे मोजले, हे सूत्र विचारतच नाही. पावत्यांची फाइल घेऊन आलेल्या अनेकांना मी ती तशीच परत नेताना पाहिलं आहे.

आता पुन्हा त्या जाळीकडे येऊ. समजा, सहा कोटींची इमारत आहे, सहा तिमाह्यांची मुदत आणि दर तिमाहीला एक कोटीचं काम. करारात सळईचा वाटा २० टक्के धरलाय आणि निविदेच्या वेळी भाव टनाला ५० हजार होता. दुसऱ्या तिमाहीत राफ्ट आणि खालचे कॉलम झाले, ७० टन सळई लागली. नेमका तेव्हा भाव ४० टक्क्यांनी चढला. कंत्राटदाराचा जादा खर्च टनामागे २० हजार, म्हणजे एकूण १४ लाख. सूत्र काय देतं? कोटीचे ८५ टक्के म्हणजे ८५ लाख, त्याचे २० टक्के म्हणजे १७ लाख, त्यावर ४० टक्के, म्हणजे ६ लाख ८० हजार. खिशातून ७ लाख २० हजार गेले.

पाचव्या तिमाहीत प्लास्टर आणि फरशीचं काम आहे, सळई जवळजवळ नाही. निर्देशांक तेवढाच चढा राहिला, तर त्या तिमाहीतही सळईच्या नावाने ६ लाख ८० हजार मिळतील. सूत्र संपूर्ण इमारतीची सरासरी धरून चालतं, म्हणून हिशेब पुढेमागे भरून निघतो. पण तोवर भाव उतरला असेल, तर राफ्टच्या वेळी झालेलं नुकसान कधीच भरून निघत नाही. सूत्रात फसवाफसवी कुणीच केलेली नसते. लोखंड लागलं एका तिमाहीत आणि सूत्राने ते सहा तिमाह्यांत वाटलं, एवढंच.

यावर उपाय आहे. सळई आणि सिमेंट सर्वसाधारण सूत्रातून बाहेर काढायचं आणि त्यांचा हिशेब प्रत्यक्ष मालावर करायचा. त्याच विभागाच्या कराराचं कलम १०सीए हेच करतं: मूळ भाव, गुणिले कामासाठी साइटवर आलेला माल, गुणिले निर्देशांकातली वाढ. आपल्या उदाहरणात ७० टन, ५० हजार आणि ४० टक्के म्हणजे बरोबर १४ लाख. सळईचा भरपूर वापर असलेल्या कामात हे कलम आहे की नाही, ते निविदा भरण्यापूर्वी पाहावं, असं मी प्रत्येकाला सांगत आलोय. अर्थात मग साइटवरच्या मालाची नोंद चोख ठेवावी लागते.

दुसरी गफलत तारखेची होते. वाढ मोजायची ती निविदा भरण्याच्या अंतिम दिवसापासून, कार्यादेश हाती पडल्यापासून नव्हे. आणि कलमाला दोन्ही बाजू असतात. २०२२ च्या सुरुवातीला युक्रेन युद्धाने स्टील भडकलं. मे महिन्यात केंद्राने स्टीलच्या निर्यातीवर शुल्क लावलं आणि भाव खाली आले. ज्यांनी भडकलेल्या भावात निविदा भरली होती त्यांचा मूळ निर्देशांकच वरचा, म्हणून सूत्राचं उत्तर उणे आलं आणि बिलातून रक्कम कापली गेली. हे वसूल कसं करता, असा प्रश्न तेव्हा रागाने विचारला जाई. पण स्वस्तात घेतलेल्या सळईचा फायदा मालकाला मिळणं कलमाच्या हेतूतच आहे.

निर्देशांक वापरताना त्याचं पायाभूत वर्षही बघायला हवं. ग्राहक किंमत निर्देशांकाची मालिका सप्टेंबर २०२० पासून बदलली. ऑगस्टपर्यंत आकडा तीनशेच्या वर होता, सप्टेंबरला तो ११८ च्या आसपास आला. महागाई कोसळली नव्हती; २००१ ऐवजी २०१६ हे वर्ष शंभर धरलं गेलं होतं. नवा आकडा २.८८ ने गुणला की जुना धागा जुळतो. तो न गुणता केलेल्या हिशेबात मजुरी साठ टक्क्यांहून अधिक उतरल्यासारखी दिसते. भाववाढीचं उत्तर अचानक उलटं आलं, तर आधी दोन्ही आकडे एकाच मालिकेतले आहेत ना, ते तपासायचं.

काम रेंगाळलं तर दोष कुणाचा, यावर सगळं ठरतं. मालकाने जागा किंवा नकाशे उशिरा दिले, तर वाढीव मुदतीतही भाववाढ मिळते. उशीर कंत्राटदाराचा असेल, तर चढलेल्या निर्देशांकाचा लाभ सहसा मूळ मुदतीपाशी थांबतो. त्यामुळे नकाशा कोणत्या तारखेला हाती आला याचं पत्र त्याच आठवड्यात पाठवलेलं असावं. दोन वर्षांनी ती तारीख कुणालाच आठवत नाही.

फ्लॅट घेणाऱ्यांना यातली एक गोष्ट ठाऊक असायला हवी. महाराष्ट्रातल्या रेरा नियमांच्या नमुना करारात फ्लॅटची किंमत भाववाढमुक्त आहे, असं लिहिलेलं असतं. अपवाद सरकारी यंत्रणांनी वाढवलेल्या शुल्कांचा. बिल्डर आपल्या कंत्राटदाराला भाववाढ देत असेलही, पण सळई महागली म्हणून तो तुमच्याकडे जादा पैसे मागू लागला, तर करारातलं ते कलम काढून त्याच्यापुढे ठेवा.