इलेक्ट्रॉनांच्या जोड्या आणि रेणूंचे आकार

मिथेन, अमोनिया आणि पाणी या तिन्ही रेणूंत मध्यवर्ती अणूभोवती इलेक्ट्रॉनांच्या चारच जोड्या असतात. तरी मिथेनमधला बंधकोन १०९.५ अंश, अमोनियातला सुमारे १०७ अंश आणि पाण्यातला १०४.५ अंश भरतो. हा फरक कुठून येतो याचे उत्तर एका साध्या विचारात आहे: मध्यवर्ती अणूच्या बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉन-जोड्या एकमेकींपासून जितके दूर राहता येईल तितके दूर राहतात. ऑक्सफर्डच्या सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० मध्ये ही कल्पना मांडली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ मध्ये तिला नियमांचे रूप दिले. अकरावीच्या वर्गात ‘व्हेस्पर’ म्हणून शिकवला जातो तो हाच सिद्धान्त.

प्रतिकर्षण म्हटले की ऋण भाराने ऋण भाराला दूर लोटणे एवढेच डोळ्यांसमोर येते. तेही घडते, पण गिलेस्पींचा भर दुसऱ्या कारणावर होता. पाउलीच्या तत्त्वानुसार समान फिरकीचे इलेक्ट्रॉन एकाच जागी सापडण्याची शक्यता फार कमी असते. त्यामुळे प्रत्येक जोडी अणूभोवतीचा आपापला प्रदेश व्यापते आणि दुसरी जोडी त्यात सहज शिरू शकत नाही.

दोन जोड्या असतील तर त्या समोरासमोर, १८० अंशांवर जातात. तीन जोड्या एका प्रतलात १२० अंशांवर पसरतात. बोरॉन ट्रायफ्लुओराइड हे त्याचे नेहमीचे उदाहरण. चार जोड्यांना मात्र कागदाचे प्रतल पुरत नाही. वहीत मिथेन अधिकाच्या चिन्हासारखा काढला जातो आणि कोन ९० अंशांचे दिसतात. तिसऱ्या मितीत सरकले की त्याच जोड्यांना १०९.५ अंशांचे अंतर मिळते. चतुष्फलकाच्या केंद्रापासून चार कोपऱ्यांकडे जाणाऱ्या या दिशा आहेत. पाच जोड्या त्रिकोणी द्विपिरॅमिडच्या कोपऱ्यांकडे आणि सहा जोड्या अष्टफलकाच्या कोपऱ्यांकडे वळतात.

जोड्या मोजण्याची रीत अशी: मध्यवर्ती अणूचे संयुजा इलेक्ट्रॉन घ्यायचे, त्याला एकेरी बंधाने जोडलेल्या प्रत्येक अणूमागे एक इलेक्ट्रॉन मिळवायचा आणि बेरजेला दोनाने भागायचे. आयन धनभारित असेल तर भाराइतके इलेक्ट्रॉन वजा करायचे, ऋणभारित असेल तर मिळवायचे. अमोनियात नायट्रोजनचे ५ आणि तीन हायड्रोजनांचे ३ मिळून ८ इलेक्ट्रॉन, म्हणजे ४ जोड्या. बंध तीनच असल्याने तीन बंधजोड्या आणि एक एकाकी जोडी, म्हणजेच लोन पेअर. दुहेरी किंवा तिहेरी बंधातले सगळे इलेक्ट्रॉन एकाच दिशेला असतात. म्हणून तिथे ही बेरीज न करता बंध आणि एकाकी जोड्या थेट मोजाव्यात, आणि तसा बंध कितीही जोड्यांचा असला तरी एकच धरावा. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बनभोवती अशा दोनच दिशा उरतात, म्हणून तो रेणू सरळ रेषेत असतो.

आता सुरुवातीच्या तीन कोनांकडे पाहू. बंधजोडीला दोन अणुकेंद्रके ओढत असतात, त्यामुळे ती दोघांच्या मध्ये ताणलेली, निमुळती राहते. एकाकी जोडीवर एकाच केंद्रकाचा ताबा असतो. ती त्याच्या जवळ राहते आणि तिथे जास्त जागा घेते. साहजिकच दोन एकाकी जोड्यांमधले प्रतिकर्षण सर्वांत जास्त, एकाकी जोडी आणि बंधजोडी यांच्यातले त्याहून कमी, आणि दोन बंधजोड्यांमधले सर्वांत कमी असते. मिथेनमध्ये एकाकी जोडी नाही, कोन आदर्श आहे. अमोनियातली एक एकाकी जोडी तीन बंधांना जवळ ढकलते, पाण्यातल्या दोन त्याहून जास्त ढकलतात.

इथे विद्यार्थ्यांची हमखास गल्लत होते. पाण्यातल्या जोड्यांची मांडणी चतुष्फलकी आहे हे खरे, पण रेणूचा आकार अणूंच्या जागांवरून सांगायचा असतो. तो आकार वाकलेला, इंग्रजी V अक्षरासारखा. अमोनियाचा आकारही चतुष्फलकी नव्हे, त्रिकोणी तळाच्या पिरॅमिडचा. उत्तरात ‘मांडणी’ आणि ‘आकार’ वेगवेगळे लिहिण्याची सवय लावली तर ही चूक टळते.

सिद्धान्ताची खरी कसोटी पाच जोड्यांशी लागते, कारण तिथल्या पाचही जागा सारख्या नसतात. क्लोरीन ट्रायफ्लुओराइड, ClF₃, पाहू. क्लोरीनचे ७ आणि फ्लुओरिनचे ३ मिळून १० इलेक्ट्रॉन, म्हणजे ५ जोड्या: तीन बंधजोड्या, दोन एकाकी. त्रिकोणी द्विपिरॅमिडमध्ये मधल्या प्रतलात तीन जागा १२० अंशांवर असतात, त्यांना विषुववृत्तीय म्हणू. वर आणि खाली एकेक अक्षीय जागा असते. अक्षीय जागेला ९० अंशांवर तीन शेजारी असतात, विषुववृत्तीय जागेला दोनच. ९० अंशांवरची गर्दीच इथे महत्त्वाची, १२० अंशांवरची जवळपास सोडून देता येते.

दोन एकाकी जोड्या तीन प्रकारे बसवता येतील. दोन्ही अक्षीय ठेवल्या तर प्रत्येकीला तीन बंधजोड्या ९० अंशांवर भिडतात, एकूण सहा. एक अक्षीय आणि एक विषुववृत्तीय ठेवली तर त्या दोघीच एकमेकींना ९० अंशांवर येतात, म्हणजे सर्वांत तीव्र प्रतिकर्षण. दोन्ही विषुववृत्तीय ठेवल्या तर त्यांच्यात १२० अंश राहतात आणि बंधजोड्यांशी ९० अंशांवरच्या भेटी चारच होतात. ही मांडणी जिंकते. एकाकी जोड्या वगळून उरलेले अणू पाहिले की T अक्षराचा आकार दिसतो. प्रत्यक्ष मोजमापही हेच सांगते, शिवाय कोन ९० नसून सुमारे ८७.५ अंश मिळतो, म्हणजे एकाकी जोड्यांनी अक्षीय बंध किंचित ढकलले आहेत. अक्षीय बंधांची लांबी सुमारे १७० पिकोमीटर तर विषुववृत्तीय बंधाची सुमारे १६० आहे. ९० अंशांवर जास्त शेजारी असलेल्या जागी बंध लांबावा, हेही तर्काला धरून आहे.

एवढे अचूक ठरूनही हा सिद्धान्त कोनाचा आकडा काढून देत नाही. ‘१०९.५ पेक्षा कमी’ इतकेच तो सांगतो, १०४.५ हा आकडा प्रयोगातून येतो. नायट्रोजन ट्रायफ्लुओराइडचा कोन अमोनियापेक्षाही कमी, सुमारे १०२ अंश आहे. फ्लुओरिन बंधजोड्यांना स्वतःकडे ओढतो, नायट्रोजनजवळ त्यांची गर्दी कमी होते आणि एकाकी जोडीला पसरायला जागा मिळते, असे त्याचे स्पष्टीकरण देता येते. हायड्रोजन सल्फाइडमध्ये मात्र कोन थेट ९२ अंशांवर येतो. पाण्यासारख्याच दोन बंधजोड्या आणि दोन एकाकी जोड्या असूनही तो इतका कमी का, हे नुसत्या जोड्या मोजून कळत नाही. सल्फरच्या बंधांत जवळपास निव्वळ p कक्षकांचा सहभाग असतो आणि ते कक्षक एकमेकांना ९० अंशांत असतात, हा विचार तिथे जास्त उपयोगी पडतो. अर्धवट भरलेल्या d कवचांच्या संक्रमण धातूंच्या संयुगांनाही ही मोजणी सहसा लागू पडत नाही.